स्वेटरचे तीनशे ग्रॅम

आमच्या केंद्रात दर गुरुवारी मुलांची वजनं करणाऱ्या बाईंना सगळे वजनताई म्हणायचे. मी तिथली नर्स, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी त्यांच्यापुढे माझी चूं करायची टाप नव्हती. "कपडे काढा, चप्पल काढा, काटा शून्यावर आला का बघा," एवढंच त्यांचं बोलणं. घरी गेल्यावर तर तेही नाही. घरात एकच ताट, एकच पेला. मुलगा परदेशी, नातू फक्त फोटोत. त्याच्यासाठी त्यांनी स्वेटर विणला, पण तो विणून होईतो नातू त्या मापातून केव्हाच निसटला होता.

त्या थंडीत एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. नवरा दूर कामाला, शेजारी ओळखीचं कुणी नाही. मुलीचा दंड मापाच्या रंगीत पट्टीवर अकरा पूर्णांक आठ सेंटीमीटर भरला, म्हणजे पिवळ्या भागात, मध्यम कुपोषण. पायांवर सूज नव्हती आणि भूकही होती, त्यामुळे दवाखान्यात ठेवायची गरज नव्हती. रोज पोषक पेस्टचं एक पाकीट द्यायचं, तेही घरच्या जेवणाच्या जोडीला, जेवणाऐवजी नाही, आणि फक्त तिलाच. दर गुरुवारी वजन. मुलगी काकडली होती. वजनताईंनी पिशवीतून तो स्वेटर काढून तिला घातला. गुडघ्यापर्यंत आला. ताई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. वहीत नोंद झाली: सात किलो चारशे.

पुढच्या गुरुवारी सात दोनशे. त्याच्या पुढच्या गुरुवारी सात तीनशे. दंड मात्र बारापर्यंत गेला होता. मी म्हटलं, "ताई, दंड वाढतोय आणि वजन पहिल्या दिवसाहून कमी, हे काही जुळत नाही." त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि त्या मुलीच्या आईकडे वळल्या.

"खरं सांग, पाकीट कोण खातं?"

"तीच खाते, ताई. रिकामी पाकिटं आणलीत ना."

"रिकामी पाकिटं तर कुणीही आणेल! पहिल्या दिवसापेक्षा वजन खाली आलंय. पुढच्या खेपेलाही असंच निघालं, तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

रांगेतल्या बायका टकामका बघत होत्या. त्या आईने आठवड्याची सात पाकिटं उचलली आणि गेली. चौथ्या गुरुवारी ती आलीच नाही. पाकिटं संपली होती. आता मुलगी पुन्हा खंगली तर? मला ताईंचा भयंकर राग आला, पण त्यांचा चेहरा बघून तो गिळला. दुपारभर त्या दाराकडे बघत होत्या.

निघताना त्यांनी पहिल्या दिवसाची नोंद काढली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"अगं, पहिल्या दिवशी स्वेटर अंगात होता," त्या म्हणाल्या. "मीच घातला. दुसऱ्यांचे मोजे काढायला लावणारी मी!"

आम्ही लगेच निघालो. काटा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्या आईची खोली गल्लीच्या टोकाला होती, पायऱ्यांखाली. दार अर्धंच उघडलं. दोरीवर स्वेटर धुऊन वाळत घातला होता. ताईंनी काटा शून्यावर आणला आणि हुकाला तो आता कोरडा झालेला स्वेटर अडकवला. तीनशे ग्रॅम.

"म्हणजे तेव्हा ही सात किलो शंभर होती. तेव्हापासून दर आठवड्याला शंभर ग्रॅम वाढलीय. चूक माझी. तू खोटं बोलली नाहीस."

"मी बोटसुद्धा चाटलं नव्हतं," आई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "मोठ्या दवाखान्यात पाठवाल म्हणून नाही रडत, ताई. आठवड्यात माझ्याशी बोलणारं माणूस तुम्हीच एकट्या. त्या तुम्हीच मला चोर म्हणालात, मग येऊ कशी?"

ताईंनी मुलीचे कपडे उतरवून वजन केलं. त्या दिवशीचं पाकीट मिळालं नव्हतं, तरी सात चारशे भरली. मग पाकिटं दिली. वहीत जुना आकडा आडवा खोडून शेजारी लिहिलं: स्वेटरसह वजन केले, चूक माझी. खाली सही केली.

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. आई आधीच स्वेटर काढून ताईंच्या मांडीवर ठेवायची. वजन झालं, तरी दोघी बोलत बसायच्या. शेवटी दंड सलग दोन गुरुवार साडेबाराच्या वर, हिरव्यात भरला. मुलगी यातून सुटली. आता पाकीट नाही, दर गुरुवारचा फेरा नाही, फक्त महिन्याने एकदा दाखवायचं.

मी टाळ्या वाजवल्या. आई हसली, पण जागची हलेना. स्वेटर मांडीवर तसाच धरून ताई तिला हळूच म्हणाल्या, "महिना म्हणजे चार गुरुवार गं. मधे नुसतं बोलायला येशील ना?"