सातव्या पानावरचा मारुती

अलकनंदा पेठकर कोणाचा रिपोर्ट हातात घेतला की आधी चष्मा पुसायची. पुसता पुसता लिहिणाऱ्याकडे अशी बघायची की त्याला आपली डिग्री शर्टाच्या आत लपवावीशी वाटायची. झाशीबाहेर ट्रान्सफॉर्मर बनवणारा छोटा कारखाना, त्यात सव्वीस वर्षं घासलेली बाई. नुसता डिप्लोमा, म्हणून बढती अडकलेली. पण डिग्रीवाल्यांनी जे काही खरडलं ते शेवटी तिच्याच टेबलावर यायचं, कारण त्या इमारतीत वाचणारी ती एकटी. बाकीचे सह्या करायचे.

त्या दिवशी सकाळी अकराला सलीलचा रिपोर्ट आला. सलील झाशीतल्याच जुन्या मराठी घरातला, नोकरीला आठ महिने झालेला. मराठी समजायची पूर्ण, बोलताना अर्ध्या वाटेत हिंदीच्या गाडीत चढायचा. टहरौलीकडे बसवलेल्या एका ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळत होतं, ते बघायला त्याला पाठवलं होतं. दुपारी तीनला कमिटी बसणार होती. गळती कारखान्याच्या चुकीने झाली असं ठरलं तर मारुतीचा गेटपास रद्द. मारुती ठेक्यावरचा फिटर. त्या ट्रान्सफॉर्मरचं तेल थंड ठेवणारा रेडिएटर त्यानेच बसवला होता. ठेक्यावरच्या माणसाचा पास गेला म्हणजे माणूसच गेला, त्याच्यासाठी भांडायला कोणी येत नाही.

रिपोर्ट बारा पानांचा. पहिल्या पानावर सलील सात वाजता निघाला. रस्त्यात टायर बसला. साडेदहाला पोचला, तिथल्या साहेबांनी चहा पाजला, त्यांचं नाव, हुद्दा. दुसऱ्या पानावर तेल दिसलं. तिसऱ्यावर लिहिलं होतं, सांध्यातलं रबरी गास्केट एका बाजूने चेपलेलं आढळलं, आणि लगेच खाली, रेडिएटरची जोडणी मारुती यांनी केली होती. मग तीन पानं हवामान, तेलाचा नमुना, जेवण.

आणि सातव्या पानावर, फोटोंच्या खाली, बारीक अक्षरात खरी गोष्ट. कारखान्यात सांध्याचे बोल्ट आवळले की बोल्ट आणि पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतात. बोल्ट कोणी नंतर फिरवला की रेघ तुटते. माल निघताना या रेघांचा फोटोही काढून ठेवतात. तिथे आठपैकी सहा बोल्टांची रेघ तुटलेली होती. म्हणजे माल इथून गेल्यावर कोणीतरी ते सैल केले आणि परत वाकडेतिकडे आवळले, गास्केट चेपलं ते त्यानेच. मारुतीचा संबंधच नव्हता.

हे सातव्या पानावर. कमिटीतला कोणता माणूस सातव्या पानापर्यंत जातो? तिसऱ्यावर मारुतीचं नाव सापडलं की ते बिस्किटांकडे वळतात.

अलकनंदाने पेन उचललं. वीस मिनिटांत तिने स्वतः लिहून टाकलं असतं. वरचा साहेब, जयदीप, तेच सांगून गेला होता: पोराला जमत नाही, तुम्हीच करा. जयदीपला लाल पेनाचा माज होता. कोणाचाही कागद आला की रक्ताने माखून परत. 'तसेच'च्या जागी 'तथा' करायचा, 'तथा'च्या जागी 'तसेच', आणि समजायचा की आपण पोरं घडवतोय. घडलं कोणीच नाही. पोरं फक्त घाबरायला शिकली, आणि घाबरलेला माणूस सगळं लिहून मोकळा होतो, जे नको तेही.

तिने पहिल्या परिच्छेदावर काट मारली, आणि थांबली. कमिटीत उभं कोण राहणार? सलील. तिने लिहिलेलं तो तिथे बोलणार कसा?

पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.

"बस. हे असं का लिहिलंस?"

"मॅडम, मैंने सब लिखा है. काही सोडलं नाही."

"तेच विचारतेय. का नाही सोडलंस?"

सलील हळूच म्हणाला, दौऱ्याची डायरी असतेच ना अशी, किती वाजता निघालो, कुठे गेलो. प्रवासभत्त्याच्या फॉर्मला तीच जोडायची असते. तिथूनच उचललं होतं त्याने. आठ महिन्यांत या कारखान्याने पोराला तेवढंच लिहायला शिकवलं होतं, आपण पूर्णवेळ हजर होतो हे सिद्ध करायला.

अलकनंदाने कागद पालथे घातले आणि म्हणाली, आता न बघता सांग, झालं काय. सलीलने दोन वाक्यांत सांगितलं: आपला माल नीट होता, तिथे कोणीतरी बोल्ट उघडले. रेघा तुटल्यात.

"हे कुठे लिहिलंय?"

"सातव्यावर."

"मारुती तिसऱ्यावर मेला. तू चार पानांनी पोचलास."

पोराचं तोंड उतरलं. तिने तसंच उतरू दिलं. मग पेन्सिल त्याच्या हातात दिली. प्रत्येक परिच्छेदाशेजारी चार शब्द लिही, हा इथे कशासाठी आहे. सलील लिहायला लागला. प्रवास. टायर. चहा. तेल दिसलं. गास्केट. मारुती. हवामान. समासात ती उतरंड उभी राहिली तशी त्याची मान खाली गेली. टायरपाशी त्याने स्वतःच फुली मारली. मारुतीपाशी आल्यावर म्हणाला, हे गास्केटच्या खाली ठेवलं म्हणून तो चोर दिसतो. एकेक वाक्य खरं आहे, पण शेजार वाईट.

हे तिने सांगितलं नव्हतं. ते त्याला दिसलं, आणि दिसलेलं माणूस विसरत नाही.

मग तिने विचारलं, कमिटीवाला कागद उघडतो तेव्हा त्याला आधी काय हवं असतं? गळती कशामुळे, कशावरून म्हणतोस, आता करायचं काय, असं सलील म्हणाला. तर त्याच क्रमाने लिही, ती म्हणाली. पुराव्याचे फोटो पुराव्याशेजारी. चहावाल्या साहेबाचं नाव शेवटच्या पानावर, हवंच असेल तर. शुद्धलेखनाला तिने हातही लावला नाही. जे वाक्य उद्या राहणारच नाही त्याची वेलांटी सुधारणं हे जयदीपचं काम.

"एक चांगलं केलंस," ती उठताना म्हणाली. "आठही बोल्टांचा वेगळा फोटो काढलास. नोकरीत मी आठ महिन्यांची असताना दोनच काढले असते."

चांगलं काय होतं तेही नेमकं सांगावं लागतं, नाहीतर माणूस पुढच्या वेळी तेच गाळतो.

अडीचला चार पानं आली. तिसऱ्यावर अजून एक परिच्छेद गोंधळलेला होता. तिने समासात प्रश्न लिहिला, 'आधी तेल गळलं की आधी बोल्ट उघडले?', आणि उत्तर दिलं नाही. सलील धावत परत गेला. जयदीप दारात येऊन घड्याळ दाखवत होता. तुम्ही स्वतः का नाही करून टाकलं, मास्तरकी कशाला, असं त्याचं म्हणणं. अलकनंदा त्याच्याकडे बघून चष्मा पुसत राहिली.

कमिटीच्या अध्यक्षाने पहिलं पान वाचलं. पहिलंच, आणि तेवढं पुरलं. मग सलीलकडे वळून विचारलं, "रेघ आपल्याकडेच तुटलेली नव्हती कशावरून?"

जयदीपने उत्तरासाठी अलकनंदाकडे बघितलं. अलकनंदाने टेबलाकडे.

"दुसऱ्या पानावर आहे सर," सलील म्हणाला. "माल निघतानाचा फोटो डावीकडे, साइटवरचा उजवीकडे. डावीकडे आठही सरळ आहेत. आणि आधी काय झालं त्याबद्दलही लिहिलंय. थोडं पाझरलं म्हणून त्यांनी बोल्ट उघडले की उघडल्यावर गळलं, हे मला कळलेलं नाही. त्यांच्या लॉगबुकवरून कळेल, ते मागवावं."

अध्यक्ष पान उलटून बघत राहिला. कळलेलं नाही असं लिहिणारा माणूस त्या खोलीत बहुतेक पहिल्यांदाच आला होता. लॉगबुक मागवायचं ठरलं. मारुतीचा पास तोवर चालू, आणि तोवर त्याच्यावर ठपका नाही असं लेखी.

बाहेर आल्यावर जयदीप खूश. छान फॉरमॅट आहे, म्हणाला, मला मेल करा, सगळ्यांना सक्तीचा करतो. त्या डोक्यात दुसरं काही शिरणं शक्यच नव्हतं. त्याला चार पानं दिसली, चार तास दिसले नाहीत. अलकनंदा म्हणाली करते, आणि केला नाही.

सलील फिटर काम करतात त्या शॉपच्या दिशेने निघाला होता, मारुतीला सांगायला. तिने त्याला हाक मारून थांबवलं नाही, शाबासकीही दिली नाही. स्वतःच्या टेबलावर आली. तिथे दुसऱ्या एका डिग्रीवाल्याचा वीस पानी कागद येऊन पडला होता. तिने पेन खणात टाकून खण लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि ज्याचा कागद होता त्याला बोलावणं धाडलं.