आजींची पुस्तकी मराठी

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे मी तपासणीतलं बोलणं कागदावर उतरवायचं काम करते. रुग्णाची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचं, कॉम्प्युटरकडून लिहून घ्यायचं, वाचून डॉक्टरांना द्यायचं. भाषेचा रकाना मी सुरुवातीलाच ‘मराठी’ असा भरून मोकळी झाले होते. कोल्हापुरात दुसरं काय बोलणार कोण, हा माझा तोरा.

एका सकाळी कागलकडच्या एक आजी सुनेबरोबर आल्या. रक्तदाब चांगलाच चढला होता. सून म्हणाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत. मग गोळी कमी पडते, असं डॉक्टरांना वाटलं. उद्या रक्ताचा रिपोर्ट बघून डोस दुप्पट करू, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी मी आजींचं बोलणं वाचायला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. ‘मला आपल्या सेवेबद्दल समाधान वाटते.’ तपासणीच्या खोलीत ही बाई असं बोलली? मी रेकॉर्डिंग ऐकलं. सून मराठीत बोलत होती, आजी मधूनच हळू आवाजात कन्नडमध्ये; ते ना सुनेला कळत होतं, ना डॉक्टरांना. कॉम्प्युटरला मीच मराठीचं बंधन घातलेलं, म्हणून त्यानं कन्नडचीही गोड मराठी रचून ठेवली होती. राग आला तो मात्र माझाच मला.

मग काम नव्यानं केलं. बोलण्यातल्या थांब्यांवर रेकॉर्डिंगचे तुकडे पाडले आणि कॉम्प्युटरला प्रत्येक तुकड्याची भाषा आधी ओळखायला लावली. मराठी तुकडे मराठी लिहिणाऱ्या प्रोग्रामकडे दिले, कन्नड तुकडे कन्नडच्या. ‘हूं’, ‘बरं’ अशा चिमुकल्या तुकड्यांवर कॉम्प्युटर काहीही ठोकून देत होता. ते मी बाजूला काढून कानानंच ऐकले.

कन्नड मजकूर मला वाचता येईना. आमच्या नर्सबाईंचं माहेर सीमेपलीकडचं. त्यांनी तो वाचला, रेकॉर्डिंगशी ताडून पाहिला आणि गंभीर झाल्या. आजी म्हणत होत्या की गोळीनं चक्कर येते, म्हणून दोन आठवडे ती घेतलेलीच नाही, सुनेला सांगितलं तर ती रागावेल.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोस वाढवला नाही, गोळीच बदलली. सून आधी ओशाळली, मग सासूवर लटकी चिडली. मला इतकं हलकं वाटलं की सगळ्यांना चहा मीच पाजला.

पुढच्या खेपेला रक्तदाब आटोक्यात होता. मी आजींना विचारलं, मराठी एवढी छान येते, मग त्या दिवशी कन्नड का?

“मराठी येतंय की मला,” आजी म्हणाल्या. “पण दुखणं सांगाया बसलं, की माहेरचंच बोलणं तोंडात येतंय बघ.”

भाषेचा तो रकाना मी आता आधी भरत नाही.