उचलतो की तोडतो

रेश्मा कुंडलची. घरची दोन एकर द्राक्षबाग, वडील ज्ञानूभाऊ गावच्या चर्चचे एल्डर, म्हणजे कारभारी पंच. सांगलीच्या आमच्या सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी तिथे बायबलचं विवेचन शिकवतो. मुलं मला खडूस म्हणतात. म्हणेनात का.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या द्राक्षवेलावर मी निबंध दिला होता. फळ न देणारी फांदी माळी काढून टाकतो, असं तिथे आहे. रेश्माने लिहिलं, की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उचलतो’. खाली लोळणारी काडी माझे वडील उचलून तारेवर बांधतात, तसाच देव करतो. निबंध इतका गोड, की वाचताना मीही क्षणभर पाघळलो. मग समासात लिहिलं: हे उताऱ्यातून काढलंस, की उताऱ्यात घातलंस?

ती तणतणतच आली. शब्दकोशात ‘उचलणे’ आहे, म्हणाली. आहेच, मी म्हटलं. पण शब्दाला चार अर्थ असले तरी इथला कोणता, हे आजूबाजूची वाक्यं ठरवतात. सहावं वचन वाच. तिथे वेलात न राहणारी फांदी बाहेर टाकतात, ती वाळते, जाळतात.

तिचे डोळे भरले. तिचा थोरला भाऊ ऋषिराज तीन वर्षांपूर्वी भांडून घर आणि चर्च दोन्ही सोडून गेला होता. हा निबंध तिला सुट्टीत आईला वाचून दाखवायचा होता. मला वाईट वाटलं, पण गुण वाढवले नाहीत. दया आली म्हणून वचनाचा अर्थ बदलत नाही.

तिने घरी फोन केला. ज्ञानूभाऊ म्हणाले, “आगं, तारंवर चढवतो ती फळाची काडी. वांझ काडी आमी काढूनच टाकतो की.”

आठवड्याने नवा निबंध आला. ‘उचलतो’ हा पर्याय तिने प्रामाणिकपणे मांडला होता आणि सहाव्या वचनाच्या आधारे बाजूला ठेवला होता. फळ देणारी फांदी माळी ‘छाटतो’, तो शब्द आणि पुढच्या वचनातला ‘शुद्ध’ हे ग्रीकमध्ये एकाच मुळातले शब्द, हेही तिने शोधलं होतं; ते मी वर्गात सांगितलेलं नव्हतं. वडिलांचं बोलणं तिच्या नव्या अर्थाला सोयीचं होतं, तरी तिने ते वगळलं. तळटीप अशी: कुंडलची बाग हा पहिल्या शतकाचा पुरावा नव्हे.

बावीस वर्षांत असा निबंध माझ्या हातात आला नव्हता. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

शेवटी एक सुटा कागद टाचलेला होता. त्यावर लिहिलं होतं: “सर, दादा परत यावा ही माझी प्रार्थना आहे. ती या उताऱ्याचा अर्थ नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहिली.”

निबंधाला मी पैकीच्या पैकी गुण दिले. त्या कागदावर लाल पेन चालवलं नाही. खाली फक्त ‘आमेन’ लिहिलं.