स्वित्झर्लंडच्या सहलीचं दुसरं पत्र

एकोणपन्नास साली रुपया पडला तेव्हा आमच्या ह्यांनी तो पडलाच नाही असं धरून चालायचं ठरवलं. सरकार काहीतरी करेल, आधी ठरलेल्या व्यवहारांना जुना भाव मिळेल, असं ते रोज चहा पिताना मला सांगत. पन्नास साल उजाडलं, बँकेकडून स्विस फ्रँकचा नवा भाव लेखी आला, आणि मग मात्र चहा मुकाट्यानं प्यायला जाऊ लागला.

पार्ल्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ह्यांची प्रवासी कंपनी होती. काशी-रामेश्वराच्या यात्रा नेऊन नाव झालेलं. परदेशाची ही पहिलीच सहल: बोटीनं इंग्लंड, थोडे दिवस लंडन, मग स्वित्झर्लंड. तिथलं हॉटेल फ्रँकमध्ये ठरलेलं आणि पैसे भरायचे बाकी. आता तोच फ्रँक आम्हाला जवळजवळ दीडपट रुपयांना पडत होता.

नावं नोंदवलेल्या सगळ्यांना पाठवायचं पत्र ह्यांनी सांगायचं आणि प्रती काढायच्या स्टेन्सिलवर मी उतरवायचं, कारण अक्षर माझं बरं. ‘रुपयाची किंमत उतरल्याने परदेशातील खर्च वाढला असून सहलीचा दर नाइलाजाने वाढवावा लागत आहे. ज्यांना हा दर परवडणार नाही त्यांना आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल.’

“पूर्ण कशाला?” मी लेखणी ठेवली. “बोटीच्या जागांचे पैसे आपण भरून बसलोय ना?”

“शब्द मी फिरवतोय. त्यांचे पैसे कसे कापू?”

मला राग आला, पण लिहिलं तसंच.

पार्ल्यात पत्राला कुणी पत्रानं उत्तर देत नाही. माणसंच येतात. एक वकील आले आणि दारातूनच म्हणाले, “रुपयाच्या नावावर स्वतःचं घर भरताय की काय?” ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आठवड्यात दोन कुटुंबं गळली. आणखी कुणी गळलं की हॉटेलची गटाची सवलत जाणार होती, म्हणजे सहलच मोडणार, आणि नंतर आमच्याबरोबर परदेशी कोण येणार? पायरी वाजली की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची.

एका सकाळी पायरी वाजली ती हेडमास्तरांच्या पत्नीची. मास्तर निवृत्त झालेले. या बाईंना आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता. त्यांनी दोघांसाठी लोकरीचे कोट शिवून घेतले होते आणि ते बघायला मला दोनदा घरी नेलं होतं.

“नाव काढा आमचं,” त्या म्हणाल्या. “ह्यांना बोलवेना, म्हणून मी आले.” मग म्हणाल्या, “पण एक विचारू? माझा भाचा लंडनला शिकतो. त्याला घरून पाठवायचे रुपये तर पूर्वीइतकेच लागतात. मग परदेशातला खर्च वाढला म्हणजे नेमका कुठला?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी गुळमुळीत बोला आणि वेळ मारून न्या, असं मी डोळ्यांनी ओरडत होते. दोन दिवस अवधी मागितला असता तरी त्या थांबल्या असत्या.

“पौंड रुपयाबरोबरच पडला,” हे म्हणाले. “त्यामुळे बोट आणि लंडन जुन्याच दरात. वाढ फक्त स्वित्झर्लंडची. पत्रात मी सगळं एका वाक्यात कोंबलं, ते चुकलं. तुम्हाला इंग्लंडपुरतं यायचं असेल तर एक पैसा जास्त लागणार नाही.”

“अहो, मग स्वित्झर्लंडला माणसं पुरणार नाहीत!” माझ्या तोंडून गेलंच.

बाई माझ्याकडे वळल्या. “मग स्वित्झर्लंड वगळून याल का, असं सगळ्यांनाच का नाही विचारत?” त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी दुसरं पत्र लिहिलं. बोट किती, लंडन किती, स्वित्झर्लंड किती, सगळं वेगवेगळं. आणि खाली विचारणा: स्वित्झर्लंड वगळून त्या दिवसांत स्कॉटलंड दाखवलं तर जुन्या दरात याल का? उत्तरं येईपर्यंत हे जेवायला बसत आणि भात चिवडून उठत. मी त्यांच्यावर चिडायची आणि देवापाशी दिवाही लावायची.

एकेक करून सगळी माणसं येऊन गेली. कुरकुर पुष्कळ झाली, पण कुणी गळलं नाही. वकीलसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि चहा मागितला. स्कॉटलंड ठरलं आणि सहल निघाली; हे कंपनी सांभाळायला घरीच राहिले.

मे महिन्यात मास्तरीणबाईंचं स्कॉटलंडहून कार्ड आलं. वर ह्यांचं नाव होतं, पण मजकूर मलाच होता. ‘इथे थंडी आहे, कोट उपयोगी पडले. काल एका डोंगरावर खूप वर पांढरा पट्टा दिसला. गाइड म्हणाला, बर्फच आहे, पण तिथवर जाता येत नाही. आम्ही दोघं खालीच उभे राहून अंधार पडेपर्यंत बघत होतो.’

मी ते ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. शेवटची ओळ यायच्या आत कार्ड त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतःच वाचलं.