वन्संचं निदान

काउंटरवरच्या बाई चिठ्ठी वाचून औषधांच्या गोदामात शिरल्या आणि खोक्यांपुढे खांबासारख्या उभ्या राहिल्या. आपण कशाला आलो? काही केल्या आठवेना. परत काउंटरवर आल्या, चिठ्ठी दिसली आणि लख्ख आठवलं. पंधरा दिवसांत हे चौथ्यांदा. आजवर एकही गोळी चुकली नव्हती. पण उद्या चुकली तर? बावीस वर्षांची नोकरी आपणच सोडावी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

घरी नणंदेने तर निकालच लावला. "आईसारखंच लागलंय हो तुम्हाला, वहिनी! नोकरी सोडा. तेवढंच आईकडे बघणंही होईल."

वन्संनी वैद्यकाचं एकही पुस्तक उघडलं नव्हतं, म्हणून त्यांना कुठल्याच रोगाबद्दल शंका नसे. दोन गल्ल्या पलीकडे राहून त्या रविवारी आईला भेटायला येत, खुर्चीच्या टोकावर बसत आणि कपातला चहा संपला की मायाही संपे. सासूबाई रात्रीत चार-चारदा उठत, दाराशी जात आणि हातातली किल्ली कशाची, हेच विचारत. सांगितलं तरी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्यांच्यामागे धावायच्या बाई. नवऱ्याची झोप एवढी गाढ, की तिला पदक द्यायला हवं होतं.

डॉक्टरांकडे वन्सं आपणहून साक्षीला आल्या. बाईंनी चारही प्रसंग वार, वेळ, औषधाच्या नावासकट सांगितले. डॉक्टरांनी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. पाचही बरोबर आले.

"हिशेब चुकतात? रस्ता चुकता? तेच तेच विचारता?"

"नाही."

"झोप किती?"

"तुकडे जोडले तर चारेक तास. रात्रभर सासूबाईंमागे उठावं लागतं."

"मग आधी रक्त तपासू. पण हे मला स्मृतिभ्रंशासारखं दिसत नाही. थकलेलं, काळजीत असलेलं डोकं वाटेतच विसरतं. खूण दिसली की परत आठवतं. आजारात खूण दाखवूनही आठवत नाही, नेहमीची कामंही अडू लागतात. नोकरी सोडू नका, झोपा. सहा आठवड्यांनी या, वाढलं तर आधीच या." मग त्यांनी मान वळवली. "रात्री आजींजवळ दुसरं कोण असतं?"

वन्संना एकदम भिंतीवरचं कॅलेंडर फार आवडलं.

"ताई, मुलगी ना तुम्ही? आठवड्यातल्या तीन रात्री तुमच्या. उरलेल्यांतल्या निम्म्या मुलाच्या."

वन्संच्या तीन रात्री झाल्या. तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी बाई ताज्यातवान्या होऊन कामावर निघाल्या होत्या. वन्सं स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या, डोळे लाल, हातात रिकामा कप.

"वहिनी... मी इथे कशाला आले हो?"

"साखरेला," बाई चप्पल घालत म्हणाल्या. "आणि घाबरू नका वन्सं, निदान मी करत नाही."