मेण कुठं गेलं

वर्षाली ठाकरे एका जागी पाच मिनिटं बसली तर समजावं की तिला ताप आलाय. डी.एल.एड.च्या वर्गात आम्ही दोन वर्षं एका बाकावर काढली. त्या काळात तिने बाकाची एक फळी हलवून हलवून ढिली केली आणि माझा संयमही. ती पवनारहून बसने येते, मी इथेच पिपरी मेघेला राहते. मन चांगलं, हुशारी भरपूर. पण एखादी गोष्ट एकदा बोलून बसली की ती मागे घेणं तिच्या कुंडलीतच नाही.

दिवाळीत तिने असंच एक बोलून ठेवलं होतं. तिच्या गावात बायकांचा बचत गट आहे, तिथे मेणाच्या पणत्या करतात. सुट्टीत वजन-नोंदीचं काम वर्षालीकडे असतं. एका संस्थेच्या कार्यक्रमाला गटाने दोनशे पणत्या दिल्या. एकेका पणतीत वीस ग्रॅम मेण, म्हणजे सगळं मिळून चार किलो. दीड तास पणत्या तेवल्या, भाषणं संपली, पणत्या विझवल्या. उरलेलं मेण खरवडून परत आणायचं काम गटातल्या देवकाबाईंचं. त्यांनी आणलं अडीच किलो.

वर्षालीने काट्यावर मेण ठेवलं आणि दहा बायकांसमोर विचारलं, "मावशी, दीड किलो मेण कुठं गेलं?" देवकाबाई म्हणाल्या, "जळलं." वर्षाली म्हणाली, "धागा जळते मावशी, मेण वितळते. वितळलेलं गोठलं का तेवढंच भरते. हे तर सातवीतलं पोरगंबी सांगते." देवकाबाईंनी पिशवी तिथेच ठेवली आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून त्या गटात आल्या नाहीत. चोर हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, उच्चारायची गरजच राहिली नव्हती.

तुम्ही हसाल. पणती जळते तर मेण संपणारच, यात काय मोठं. पण हसण्याआधी स्वतःलाच विचारून बघा. आपण म्हणतो तेल जळलं. मेण जळलं असं कोण म्हणतं? मेण वितळतं. मी बारावी सायन्स झाले, आणि ही गोष्ट वर्षालीने मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मीसुद्धा मान डोलावली होती. माझ्या मार्कशीटची मला लाज वाटते.

फेब्रुवारीत आमचे परीक्षेचे पाठ लागले. वर्षालीच्या वाट्याला सातवीचा वर्ग आला आणि विषय आला भौतिक बदल आणि रासायनिक बदल. आदल्या शनिवारी ती पाठाचं टाचण घेऊन माझ्या घरी आली. सोबत मेणबत्त्या, काडेपेटी, दोन पणत्या आणि गटाचा ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. पाचची बस पकडायची म्हणून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणं सुरू.

मी टाचण वाचलं. तिने सरळ दोन रकाने पाडले होते. मेण वितळणे, भौतिक. धागा जळणे, रासायनिक. खाली निष्कर्ष लिहिला होता की मेणबत्तीत मेणाचा पदार्थ बदलत नाही, फक्त रूप बदलतं.

"पहिलं बरोबर हाये," मी म्हटलं. "वितळलं तरी मेण मेणच राह्यते. दुसरं मले पुरतं पटून नाई राह्यलं."

"काऊन? धागा काळा पडते, राख होते. परत धागा होत नाई. रासायनिकच झालं ना."

"धाग्याचं ठीक हाये वं. पण मेणाचं काहीच होत नाई का?"

"सुट्टीत गटात मी रोज वितळवतो ना. गरम पाण्यात डबा ठेवला, मेण वितळलं, साच्यात ओतलं, गोठलं. वजन करून पाह्यलं मी. एक ग्रॅम इकडचं तिकडे होत नाई." ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, उशी उलटी केली. "अंकिता, तू उगाच फाटे फोडून राह्यली. सोमवारी पाठ हाये माहा."

माझा पारा चढला. शिकवायला निघालेल्या माणसाने प्रश्नाला फाटा म्हणावं याचा मला फार राग येतो. पण रागाच्या भरात मला काही सुचेना. तेवढ्यात आईने देवघरात सांजदिव्याची तयारी म्हणून समईत तेल ओतलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला तो तिथून.

"समईत काय जळते?" मी विचारलं.

"तेल."

"वात नाई जळत?"

"जळते थोडीशी. पण तेल हाये तोवर वात पुरते. तेल संपलं का मग वात भुरभुर जळते."

"मग मेणबत्तीतच धागा कसा काय जळते एकटा? बोटभर धागा हाये. नुसता धागा पेटवला तर किती वेळ राह्यते?"

तिने खरंच एक धागा तोडून पेटवला. बोटं चटकायच्या आत राख झाली. मग तिने मेणबत्तीकडे पाहिलं. मी समजावत सुटले. ज्योतीच्या उष्णतेने मेण आधी वितळतं, तो भौतिक बदल. वितळलेलं मेण धाग्यातून वर चढतं, समईत तेल चढतं तसंच. वर त्याची वाफ होते, तोही भौतिकच. आणि ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनसोबत जळते. तो रासायनिक.

"वाफ? दाखव," ती म्हणाली. ऐकून पटवून घेणारी ती नव्हेच.

मेणबत्ती चांगली दोन मिनिटं जळू दिली. आईने डोळे वटारले, कारण आमच्या घरी दिवा तोंडाने फुंकत नाहीत. मेणबत्तीला सूट दे म्हटलं आणि फुंकली. धाग्यातून पांढऱ्या धुराची रेघ वर निघाली. जळती काडी मी त्या धुरात धरली, धाग्यापासून चांगली बोटभर वर. ज्योत धुरावरून खाली उतरली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली.

"हा धूर धाग्याचा नाई. मेणाची वाफ थंड होऊन त्याचे बारीक कण झालेत. तेच पेटले," मी म्हटलं.

तिने तो प्रयोग सहा वेळा केला. मग कोरडा थंड ग्लास ज्योतीवर क्षणभर पालथा धरला तर आतून ओलसर झाला. पाणी कुठून आलं, मेणात तर पाणी नाही, असं तिने मलाच दरडावून विचारलं. जळताना नवीन तयार झालं, मी सांगितलं, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. दोन्ही हवेत जातात. परत खरवडून आणता येत नाहीत.

मग ती काट्याकडे वळली. एका पणतीतलं मेण गरम पाण्यावर वितळवून गोठवलं, पणती बाहेरून पुसली, वजन जेवढ्यास तेवढं. दुसरी पेटवून दीड तास ठेवली. पाचची बस गेली, साडेपाचचीही गेली. वर्षाली त्या पणतीभोवती फेऱ्या मारत होती. दीड तासाने पणती विझवून काट्यावर ठेवली. आठ ग्रॅम कमी.

"दोनशे पणत्या," ती म्हणाली. पुढचा गुणाकार तिने मोठ्याने केला नाही. दीड किलोच्या आसपास येतो, तो मीही केला होता. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मावशीनं सगळं बरोबर आणलं होतं."

"हो."

"आता काय करू?"

"पाठाचं?"

"पाठ गेला चुलीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही दोघी पवनारला देवकाबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. वर्षालीने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, वाफ, ग्लास, आठ ग्रॅम, माफी, एका दमात. देवकाबाईंचं सूप थांबलं नाही.

"मी तवाच म्हटलं होतं, जळलं म्हनून," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. चुकली मी."

"मले काऊन सांगून राह्यली? मले तर माहीतच होतं. जेथं म्हटलं तेथं सांगजो."

वर्षालीने दारातूनच वच्छलाबाईंना फोन लावला. त्या गटाच्या अध्यक्ष. बैठक शुक्रवारी होती, ती हिने आजच दुपारी ठेवायला लावली. शुक्रवारपर्यंत मी मरून जाईन, असं तिने अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षबाईंचा तिच्यावर जीव, त्या हो म्हणाल्या.

समाजमंदिरात दहाही जणी आल्या. देवकाबाई येऊन दाराजवळ बसल्या, चप्पल काढून अगदी बाजूला ठेवलेली. वर्षालीने पणतीचं वजन केलं, सगळ्यांना आकडा वाचायला लावला आणि पणती पेटवली. तासभर काय करायचं? ती शिकवत राहिली. समई, धागा, धूर, ग्लास. माझ्या देखत तिने बारा सराव पाठ घेतले असतील, असा एकही नव्हता. खडू नव्हता, फळा नव्हता, आणि बायका नजर न हलवता ऐकत होत्या. तासाने पणती विझवून काट्यावर ठेवली. पाच ग्रॅम कमी. वच्छलाबाईंनी बोटांवर हिशोब केला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मेण मावशीनं नेलं नाई," वर्षाली म्हणाली. "ते जळलं होतं. मले कळत नव्हतं आणि मी कळते म्हनून बोलली. तुमच्या सगळ्यांसमोर बोलली. माहं चुकलं."

मला वाटलं झालं. मी पर्स उचललीसुद्धा.

देवकाबाई उठून पुढे आल्या. काट्यावरच्या पणतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पोरगी तर पोरगी, बोलली बिचारी," त्या म्हणाल्या. "तिले नवीन कळलं. पण तुम्ही दहा जणी? जलम गेला तुमचा चुलीपुढं आन् दिव्यापुढं. मेण जळते का नाई जळत, तुमाले माहीत नव्हतं? त्या दिवशी एकीनं तरी म्हटलं का, बाई खरं सांगून राह्यली म्हनून?"

वर्षाली पहिल्यांदाच माझ्या शेजारी अगदी निश्चल बसली होती. वच्छलाबाई पदर मागे सारत म्हणाल्या, "माहीत होतं, देवका."