टाळी
पक्षिगणनेसाठी मी आणि ताई सुरतेबाहेरच्या तलावावर गेलो होतो. उथळ पाण्यात पांढरट पक्षी चरत होते. फ्लेमिंगोची चोच वाकडी, चमच्या पक्ष्याची टोकाला चपटी, पेलिकनच्या चोचीखाली पिशवी, हे मला पाठ होतं. पण फोटोत सगळ्यांच्या चोची पाण्यात. "थांब, माना वर करतील," ताई म्हणाली. मला कुठला धीर! मी टाळी वाजवली. अख्खा थवा उडून गेला.

घरी टाळीआधीचे फोटो मोठे करून ओळीनं पाहिले. पोहत मासे उपसणारे पेलिकन, उभ्यानं डोकं डावी-उजवीकडे फिरवणारे चमचे, डोकं उलटं करून पायांपाशी पाणी गाळणारे फ्लेमिंगो. चोची न दिसताही सगळे ओळखू येत होते.

भरल्या ताटावरून उठवलं होतं मी त्यांना.